ऑर्डर दिल्यावर उघडणारं पान

नमस्कार मंडळी, आज ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी बोलणार आहे, चपला, मसाले, गूळ, काहीही विकत असाल. गिऱ्हाईकानं पैसे भरले की शेवटी एक पान उघडतं, थँक्यू पेज, त्याबद्दल.

आमच्या जवाहरनगरच्या वहिनी कोल्हापुरी चपला विकतात. सासरे स्वतः शिवतात, वहिनी वेबसाइट बघतात. मागच्या लग्नसराईत एकदा सकाळी साडेसहाला त्यांचा फोन वाजला, नाशिकचे एक आजोबा. म्हणाले, "बाई, माझ्या नातवाच्या हळदीसाठी एक जोड घेतली, पण पैसे दोनदा गेले की हो." वहिनींनी बघितलं तर रात्री अकरा वाजून पाच मिनिटांनी एक ऑर्डर आणि अकरा वाजून बारा मिनिटांनी दुसरी, दोन्ही ९ नंबर, दोन्ही तपकिरी, दोन्हीचे पैसे भरलेले.

वहिनींना आधी वाटलं बँकेचा घोळ असेल. पण आजोबांना नीट विचारलं, काय दिसलं तुम्हाला शेवटी? तर ते म्हणाले, मोठ्या अक्षरात "थँक यू" होतं आणि खाली लाल चौकटीत "१० टक्के सूट, हा कोड वापरा". आता तो कोड होता पुढच्या खरेदीसाठी. आजोबांना वाटलं की आपण कोड टाकायचा विसरलो, ऑर्डर पूर्ण झालीच नाही, म्हणून परत गेले, कोड टाकला आणि परत पैसे भरले. आणि खरं सांगतो, त्यांची काहीच चूक नाही. ऑर्डर मिळाली, पैसे मिळाले हे त्या पानावर कुठंच लिहिलेलं नव्हतं. कोड होता, इन्स्टाग्रामचं बटण होतं, "मित्रांना सांगा" होतं, "आणखी बघा" होतं, फक्त ऑर्डर नव्हती!

वहिनींनी एका जोडीचे पैसे त्याच दिवशी परत केले आणि संध्याकाळी मला बोलावलं. (आमच्याकडं जेवायला बसवल्याशिवाय कामाचं बोलत नाहीत, आणि मला ते बरोबर वाटतं, भरल्या पोटी माणूस नीट ऐकतो.) मग आम्ही ते पान असं बदललं.

सगळ्यात वर एकच ओळ: "तुमची ऑर्डर मिळाली, १,४५० रुपये जमा झाले." त्याखाली ऑर्डर नंबर, चपलेचा रंग, साइज, किती जोड आणि कुठल्या पत्त्यावर जाणार. पत्ता दिसला की चुकीचा पिनकोड माणसाला तिथंच कळतो. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर "जमा झाले" लिहायचं नाही, "घरी आल्यावर १,४५० रुपये द्यायचे" असं लिहायचं. आणि यूपीआयचं पेमेंट अडकलेलं असेल तर वेगळं पान हवं: "पैसे अजून आमच्यापर्यंत आले नाहीत, लगेच परत भरू नका, आम्ही बघून मेसेज करतो." तिथंही "थँक यू" दिसलं तर गिऱ्हाईक निवांत झोपतं आणि चप्पल काही येत नाही.

मग पुढं काय होणार ते. आधी तिथं "५ ते ७ कामाचे दिवस" होतं. कुठून मोजायचे, रविवार धरायचा का? आता तारीखच येते: "चप्पल हातानं शिवतो, १४ तारखेला कुरिअरला देऊ, १८ पर्यंत पोचेल. कुरिअरला दिल्यावर मेसेज येईल, त्याआधी येणार नाही." हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं हं, परत सांगतो, त्याआधी मेसेज येणार नाही हे लिहा, कारण "माझी ऑर्डर कुठं आली" हे फोन त्या मधल्या दिवसांतच येतात. तारीख मात्र ऑर्डरच्या दिवसावरून आपोआप निघाली पाहिजे, हातानं टाकली की महिन्याभरात जुनी होते.

आणि खाली एकच काम, एकच. कोड, इन्स्टाग्राम सगळं काढलं. दुकानात गिऱ्हाईक आलं की सासरे पेपरवर पाय ठेवायला लावून पेन्सिल फिरवतात, तेच पानावर घेतलं: "संध्याकाळी कागदावर उभे राहा, पेन्सिल सरळ धरून पायाभोवती फिरवा, टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजा आणि सेंटिमीटर उद्या अकरापर्यंत व्हॉट्सअ‍ॅप करा. नाही केलं तर तुम्ही निवडलेल्या साइजचीच शिवू." संध्याकाळी का, तर दिवसभरात पाय थोडा फुगतो. अकरा का, तर त्यानंतर सासरे कातडं कापायला घेतात.

हाच मजकूर मेसेजनंही पाठवा, पान बंद झालं की परत सापडत नाही. आणि आज रात्री स्वतःच्याच दुकानातून मोबाइलवर एक ऑर्डर टाकून बघा, स्क्रीन न सरकवता पैसे जमा झाल्याचं दिसतंय का.

आजोबांनी माप पाठवलं होतं बरं का, फोनवरच, नातवाचं. साडेअठ्ठावीस सेंटिमीटर. वहिनींनी ते सासऱ्यांना दाखवलं आणि ९ नंबरची जोड १० ची करून गेली.