भिंतीवरचा आकडा आणि बादलीतलं पाणी

(विज्ञान शिक्षकांच्या मेळाव्यातलं व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून उतरवून थोडं संपादित केलेलं)

नमस्कार. पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘बाँब कॅलरीमापक : उच्च आणि निम्न उष्मांक’ असं छापलंय. त्यावर मी बोलणार आहेच. पण आधी एक जुनी तक्रार मांडायची आहे, आणि दारं बंद झालेली दिसतायत, त्यामुळे तुम्हाला ऐकावीच लागेल.

उपकरण तुमच्या ओळखीचं आहे, म्हणून भराभर सांगतो. जाड स्टीलचा डबा, तोच बाँब. त्यात मुशीमध्ये साधारण एक ग्रॅम इंधन, वर निक्रोमची तार आणि सुती दोरा. आत सुमारे 25 ते 30 वातावरण दाबाचा ऑक्सिजन. हा बाँब बादलीतल्या दोन किलो पाण्यात बुडवायचा, बादली दुहेरी भिंतीच्या जॅकेटमध्ये ठेवायची, ढवळणी चालू करायची आणि बटण दाबायचं. इंधन जळतं, पाणी तापतं, किती तापलं ते मोजायचं आणि त्यावरून उष्मांक, म्हणजे ग्रॅमभर इंधनातून किती उष्णता निघते, ते काढायचं. फ्रान्समध्ये मार्सेलां बर्तेलो यांनी 1880च्या दशकात ही पद्धत रुळवली. हे गृहस्थ पुढे फ्रान्सचे परराष्ट्रमंत्रीही झाले. आपल्याकडे मात्र बाँब हाताळणारा माणूस फार तर विभागप्रमुख होतो. (हशा)

आता तक्रार. एका कॉलेजात मी बहिस्थ परीक्षक म्हणून गेलो होतो. नाव सांगत नाही, तुमच्यापैकी कुणाचं तरी निघायचं. बाँब ठेवलेल्या ओट्याच्या वर, भिंतीवर, ऑइलपेंटने लिहिलं होतं : वॉटर इक्विव्हॅलंट = 2330. म्हणजे बादलीतलं पाणी, बाँब, बादली, ढवळणी या सगळ्या लटांबराचं तापमान एक अंशाने वाढवायला 2330 कॅलरी लागतात. सगळ्या जर्नलांमध्ये हाच आकडा. एका मुलीला विचारलं, हा कुठून आला? तिने प्रामाणिकपणे भिंतीकडे बोट केलं. तिला पूर्ण मार्क दिले, कारण उत्तर खरं होतं.

मग सरांना विचारलं. ते म्हणाले, कंपनीने दिलाय. कंपनीचं माहितीपुस्तक कपाटात सापडलं, त्यातही आकडा तोच. झालं ना मग? पण ओटा पुसत असलेले प्रयोगशाळेतले काका म्हणाले, “सर, पुस्तक जुन्या बाँबचं आहे. त्याचे आटे गेले तेव्हा हा आणला. हा जड आहे. रोज मीच उचलतो, हाताला कळतं.”

जुना बाँब भंगारात जायचा राहिला होता. खालच्या फडताळात, तुटक्या ब्युरेटच्या मागे. दोन्ही काट्यावर ठेवले तर नवा साधारण पाऊण किलोने जास्त भरला. आता गणित करा. स्टीलची विशिष्ट उष्णता ग्रॅममागे सुमारे 0.12 कॅलरी. 750 ग्रॅमला 90 कॅलरी. म्हणजे 2330च्या जागी 2420च्या आसपास हवेत. काकांच्या हाताने जे सांगितलं ते चार टक्क्यांचं होतं, आणि चार टक्के ही प्रयोगशाळेत फार मोठी रक्कम आहे.

काका बरोबर होते का, हे बेंझोइक ॲसिड जाळून ठरवता येतं. तेच का? ते शुद्ध मिळतं, हवेतला ओलावा फारसं ओढून घेत नाही, गोळी छान दाबली जाते आणि पूर्ण जळतं. त्याचा उष्मांक ग्रॅमला 6318 कॅलरी, हा आकडा खात्रीचा. एक ग्रॅमची गोळी जाळली. तार, दोरा आणि आत तयार होणारं जरासं नायट्रिक ॲसिड, यांच्या मिळून 50 कॅलरी धरल्या. एकूण 6368. तापमान वाढलं, दुरुस्तीनंतर, 2.623 अंश. भागाकार 2428. काकांच्या हाताशी जुळणारा! भिंत मात्र आजही तीच असेल, तिला रंग काढायला मंजुरी लागते. (हशा)

माझं म्हणणं एवढंच आहे. हा आकडा उपकरणाबरोबर विकत मिळत नाही. बादली बदलली, बाँब बदलला, मोजपात्राऐवजी पाणी वजनाने घेतलं, की तो बदलतो. प्रत्येक बॅचने कोळशाआधी बेंझोइकची गोळी जाळलीच पाहिजे. वेळ जातो, मान्य. मग दुसरा एखादा प्रयोग कमी करा.

चार टक्क्यांनी काय बिघडतं, असं मागच्या रांगेतून ऐकू येतंय. आपण चंद्रपूर-वणी पट्ट्यातली माणसं, आपण तरी हे विचारू नये. पूर्वी आपल्या देशात कोळशाची प्रतवारी जवळजवळ कोळसा न जाळताच व्हायची. राख आणि ओलावा यांच्या टक्केवारीची बेरीज घ्यायची, तिला 138ने गुणायचं, 8900मधून वजा करायचं. याला ‘उपयुक्त उष्मांक’ म्हणत. 1 जानेवारी 2012पासून एकूण, म्हणजे उच्च, उष्मांकावर प्रती आल्या, जी-1पासून जी-17पर्यंत. मधल्या प्रती तीनशे-तीनशे किलोकॅलरीच्या. जी-10 म्हणजे किलोला 4301 ते 4600, जी-11 म्हणजे 4001 ते 4300. प्रत बदलली की दर बदलतो.

आता एक नमुना घेऊ. वजन 1.020 ग्रॅम, आणि प्रतीसाठी जो ओलावा धरतात त्याच अवस्थेतला आहे असं समजू. बटण दाबण्याआधी पाच मिनिटं दर मिनिटाला तापमान लिहिलं. ही पाच मिनिटं मुलं हमखास चहात घालवतात. बादली जॅकेटपेक्षा थोडी गार होती, म्हणून तापमान मिनिटाला 0.004 अंशाने चढत होतं. शेवटचं वाचन 26.330. बटण दाबलं. पहिली काही सेकंदं काहीच होत नाही, मुलं एकमेकांकडे बघतात, मग पारा धावतो. सात मिनिटांनी 28.190वर पोचला आणि मग मिनिटाला 0.003 अंशाने उतरू लागला.

साध्या वजाबाकीने वाढ 1.860. पण त्या सात मिनिटांत बाहेरची उष्णता आत आली आणि आतली बाहेर गेली. हिशोब असा : एकूण वाढीच्या साठ टक्के वाढ झाली तो क्षण शोधा. इथे तो बटण दाबल्यावर दीड मिनिटाने आला. त्याआधीच्या दीड मिनिटाला आधीचा दर लावा, म्हणजे 0.006 बाहेरून आलं, ते वजा. नंतरच्या साडेपाच मिनिटांना नंतरचा दर लावा, म्हणजे जवळपास 0.016 गमावलं, ते मिळवा. खरी वाढ 1.870.

2428 गुणिले 1.870 म्हणजे 4540. त्यातून तार, दोरा, नायट्रिक आणि गंधकापासून झालेलं सल्फ्युरिक ॲसिड यांचे 57 वजा. वजनाने भागा. उत्तर 4395, म्हणजे जी-10. आता तेच वाचन, तीच मेहनत, फक्त भिंतीवरचा 2330 घ्या. उत्तर 4216. जी-11. कोळसा तोच, एक प्रत खाली गेला. थंड होण्याची दुरुस्ती सोडली असती तर 24 किलोकॅलरींचा फरक पडला असता. एकाच प्रयोगशाळेत एकाच नमुन्याच्या दोन वाचनांत आंतरराष्ट्रीय मानक 120 ज्यूल, म्हणजे ग्रॅमला सुमारे 29 कॅलरींपर्यंतचा फरक चालवून घेतं. म्हणजे त्या सवलतीतला बहुतेक भाग नुसत्या आळसावर उडवला असता.

संयोजकांची चिठ्ठी आलीय. ‘पाच मिनिटं.’ ठीक आहे, पत्रिकेतला विषय आता येतो.

मोजलं ते उच्च मूल्य. कारण इंधनातल्या हायड्रोजनचं पाणी होतं, आणि बंद बाँबमध्ये ती वाफ थंड होऊन परत पाणी होते, आपली उष्णता बादलीला देऊन टाकते. बॉयलरच्या धुराड्यातून मात्र ती वाफ वाफ म्हणूनच निघून जाते. म्हणून निम्न मूल्य काढायचं तर ती उष्णता वजा करायची. एक भाग हायड्रोजनचं वजनाने नऊ भाग पाणी होतं, आणि ग्रॅमभर वाफेमागे 587 कॅलरी. या नमुन्यात ओलाव्यातला धरून हायड्रोजन 3.5 टक्के असेल तर 9 गुणिले 0.035 गुणिले 587, म्हणजे 185. 4395मधून गेले 185, उरले 4210. इंधनात हायड्रोजन किती, ते बाँबला कळत नाही, त्याची वेगळी तपासणी लागते. ओल्या बगॅसमध्ये हा वजावटीचा आकडा कितीतरी मोठा होतो, साखर कारखान्यातल्या मंडळींना तो पाठ असेल.

घाईत राहिलेल्या काही गोष्टी. ऑक्सिजन हळू भरा. एकदम सोडलात तर भुकटी मुशीबाहेर उडते आणि उत्तर कमी येतं, म्हणूनच गोळी दाबायची. बाँबच्या आट्यांना तेल किंवा ग्रीस चुकूनही लावू नका, उच्च दाबाच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेतं. बुडवल्यावर बुडबुडे आले तर बटणाला हात लावू नका, बाहेर काढून वॉशर बघा. आणि बटण दाबताना झाकणावर वाकून बघायचं नाही, तिथे बघण्यासारखं काही नसतं.

शेवटी, वाचन झाल्यावर बाँब घाईने उघडू नका. झडप हळूहळू सोडा, मग झाकण काढा आणि मुशीत बोट फिरवा. बोटाला काजळी लागली तर सगळं इंधन जळलेलं नाही. ते वाचन जर्नलात लिहायचं नाही, कितीही सुंदर आलं असलं तरी. आतल्या भिंती डिस्टिल्ड वॉटरने धुऊन ते पाणी टायट्रेशनला ठेवा, ॲसिडची दुरुस्ती त्यातूनच निघते. ते पाणी बेसिनमध्ये ओतलं की मग 57च्या जागी कुठला आकडा लिहायचा, हे पुन्हा भिंतीला विचारावं लागतं.

प्रश्न चहाला घेऊ. वेळ संपलीय, आणि संयोजक उभे राहिलेत.