पुढच्या बॉक्सची चिठ्ठी

(दृश्य : पॅकिंगचं टेबल, काटा, खाकी पुड्या, कार्डांची चळत)

डिसेंबर लागलाय. पुण्यातल्या दोन खोल्यांमध्ये चालणाऱ्या एका छोट्या चहाव्यवसायात मार्गशीर्षाचा बॉक्स बांधणं सुरू आहे. वर्षाची वर्गणी भरणाऱ्या घरांना इथून चार बॉक्स जातात : चैत्रात, आषाढात, श्रावण संपता संपता आणि मार्गशीर्षात. पुड्यांच्या खाली तळहाताएवढं एक कार्ड असतं. ते हातातल्या चहाचं नसतं, पुढच्या बॉक्सचं असतं.

आज जे कार्ड टाकलं जातंय, ते चैत्रातल्या दार्जिलिंग फर्स्ट फ्लशचं, म्हणजे वर्षातल्या पहिल्या खुडणीच्या चहाचं आहे. आणि तो चहा अजून झाडाला फुटलेलासुद्धा नाही.

(दृश्य : थंडीतला मळा, छाटलेली झुडपं)

दार्जिलिंगच्या उतारांवर नोव्हेंबरअखेर खुडणी थांबते. थंडीत झाडं निजतात आणि त्याच काळात छाटणी उरकली जाते. फेब्रुवारीच्या अखेरीस ऊन चढू लागतं, थोडा पाऊस झाला की कोंब सुटतात आणि मार्चमध्ये ‘दोन पानं, एक कळी’ अशी वर्षातली पहिली खुडणी होते. पाऊस लांबला तर सगळंच लांबतं.

मग डिसेंबरात कार्डावर लिहायचं काय? बाजारातली सवय अशी, की आधीच चव सांगून मोकळं व्हायचं : ‘जर्दाळूचा गोडवा, रानफुलांचा दरवळ.’ कार्ड लिहिणाऱ्या ताई असं लिहीत नाहीत. नमुना हातात येऊन, उकळून, तोंडात घोळवून बघेपर्यंत चवीचा एकही शब्द त्या कागदावर उतरवत नाहीत. माझ्या मते त्यांच्या लिखाणाची ताकद यातच आहे, कारण त्यामुळे त्यांना मळ्यात आत्ता काय चाललंय ते लिहावं लागतं. यंदाचं कार्ड असं आहे :

‘तुम्ही हे वाचताय तेव्हा तुमच्या पुढच्या चहाची झाडं झोपलेली आहेत. फेब्रुवारीत पाऊस झाला की आम्ही कळवू. पहिली पानं खुडली की पुन्हा कळवू. चैत्रात तुमच्या घरी. तोवर दूध बाजूला ठेवून कोरा चहा प्यायची सवय करा.’

शेवटची सूचना गरजेची आहे. फर्स्ट फ्लशची पानं वाळवताना त्यांतलं पाणी एवढं काढून टाकतात, की पुढे ती पूर्ण काळी पडतच नाहीत. पुडीतली पत्ती हिरवट दिसते, चहाचा रंग फिका सोनेरी येतो. दूध घातलं की सगळं संपलं. आणि ज्यांना आधी सांगितलेलं नसतं, ते बॉक्स उघडून फोन करतात, ‘अहो, पत्ती कच्ची आलीय.’

(दृश्य : भिंतीवरची दिनदर्शिका)

कार्डावर ‘चैत्रात’ का, ‘पाडव्याला’ का नाही? पाडव्याला नवा चहा, ही ओळ कानाला गोड लागते. पण 2024 मध्ये पाडवा 9 एप्रिलला होता, 2025 मध्ये 30 मार्चला आणि 2026 मध्ये 19 मार्चला. झाडाला पंचांग कळत नाही. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात खुडलेली पत्ती तयार व्हायची, नमुना यायचा, माल निवडायचा, तो पुण्यात पोचायचा आणि पुड्या भरायच्या. 9 एप्रिलला हे सहज जमतं, 19 मार्चला जवळपास अशक्य. ‘चैत्रात’ म्हटलं, की 2026 मध्येसुद्धा 17 एप्रिलपर्यंत शब्द पाळता येतो. शिवाय मराठी घरात चैत्र हा शब्द कैरीची डाळ आणि पन्हं सोबत घेऊनच येतो, त्याला वेगळी सजावट लागत नाही.

चैत्राच्या बॉक्समध्ये पत्ती फक्त पन्नास ग्रॅम असते, आणि हेही विचारपूर्वक ठरवलेलं आहे. कपाला अडीच ग्रॅम धरले तर वीस कप. दर रविवारी दोघांनी एकेक कप घेतला की दहा रविवारांत पुडी रिकामी. आषाढाचा बॉक्स यायला त्यानंतरही तीन-चार आठवडे असतात. ‘शंभर ग्रॅम दिले तर अर्धी पुडी डब्यात पडून राहते, तिचा ताजेपणा उडतो आणि नव्या बॉक्सची कुणी वाट बघत नाही,’ ताई सांगतात. कार्ड कितीही चांगलं लिहा, आधीची पुडी संपली नसेल तर ते वाचलं जात नाही.

(दृश्य : जूनमधला मळा, पानाच्या मागच्या बाजूचा जवळून शॉट)

आषाढाचं कार्ड सेकंड फ्लशचं, म्हणजे दुसऱ्या खुडणीचं. मे-जूनमध्ये तुडतुडे आणि फुलकिडे कोवळ्या पानांतला रस शोषतात. त्या चाव्याला उत्तर म्हणून झाड काही सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि त्यातून पिकल्या द्राक्षासारखा तो प्रसिद्ध मस्कटेल गंध येतो. नाशिकच्या बागाईतदाराला फुलकिडे म्हटलं की फवारणी आठवते. इथे तशाच किडीमुळे चहाला भाव येतो. ताईंनी कार्डावर एवढंच लिहिलं आहे : ‘मे-जूनमध्ये किडे तुमच्या चहावर काम करतील.’ गंध किती उतरेल, याचं वचन दिलेलं नाही, कारण तो दरवर्षी सारखा उतरत नाही.

कधी चहाच येत नाही. 2017 मध्ये दार्जिलिंगच्या डोंगरांत जूनच्या मध्यापासून 104 दिवस बंद होता. सेकंड फ्लशचा ऐन हंगाम बुडाला, पानं झाडावरच वाढत राहिली. म्हणून आषाढाच्या कार्डाच्या तळाशी कायम एक ओळ असते : ‘पत्ती मिळाली नाही, तर दुसरी पत्ती याच नावाने पाठवणार नाही. कळवू आणि पैसे परत करू.’

(दृश्य : सुंठ, सुकवलेला गवती चहा, परातीतली पत्ती)

तिसरा बॉक्स आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. गौरी-गणपतीच्या आधी घरी पोचणारा, पाहुण्यांसाठी दूध घालून उकळायचा पावसाळी चहा. आसामची सीटीसी, म्हणजे दाणेदार पत्ती, गवती चहा आणि सुंठ. ऐकायला सोपं आहे, पण पुडीत एक गोची होते. सुंठेची पूड पत्तीच्या दाण्यापेक्षा बारीक असते. कुरिअरच्या गाडीत हादरे बसले की ती तळाशी जाते. पहिले दहा कप मिळमिळीत होतात आणि शेवटच्या कपांनी घसा जळतो. ओळखायची खूण सोपी : पारदर्शक बरणीत मिश्रण घालून ती शंभर वेळा आपटा आणि तळ बघा. पांढुरकी रेघ दिसली तर मिश्रण चुकलं.

त्यामुळे इथे सुंठ दळत नाहीत, कुटून पत्तीच्या दाण्याएवढी चाळून घेतात. गवती चहाचेही छोटे तुकडेच ठेवतात, कारण पूड केली की त्याचा वास काही आठवड्यांत उडतो. कार्डावर याची वाच्यता नाही. तिथे आहे ते असं : ‘आसामात जूनची पत्ती तयार झाली. सुंठ कुटून झाली. गवती चहा सावलीत वाळतोय, आणि पावसामुळे त्याला नेहमीपेक्षा जास्त दिवस लागताहेत.’

चौथ्या बॉक्ससाठी दरवर्षी आग्रह होतो, की दिवाळीला पाठवा, भेट म्हणून भरपूर खपेल. पण दार्जिलिंगची शरदातली खुडणी ऑक्टोबर-नोव्हेंबरची. दिवाळीत ती पत्ती मळ्यावरच असते. तेव्हा पाठवायचं तर आदल्या वर्षीचा माल भरावा लागेल. ताई मार्गशीर्षावर ठाम आहेत, आणि दिवाळीच्या दिवशी वर्गणीदारांना फक्त एक संदेश जातो : ‘खुडणी सुरू आहे.’