उभी राहिली की गरम, चालू लागली की गार

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्याच्या दुपारी उन्हात उभी केलेली गाडी उघडली की आतून जी भट्टीसारखी झळ येते, ती तुमच्या ओळखीची आहे. आपण एसी लावतो आणि पाच-सात मिनिटांत आत गार होतं. आज मी सांगणार आहे, की त्या पाच-सात मिनिटांत उष्णता जाते कुठे. कारण एक गोष्ट पहिल्यांदाच पक्की करून घ्या. एसी गारवा तयार करत नाही. एसी आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. हे मी पुन्हा सांगेन, कारण पंचवीस वर्षं गाड्यांचे एसी उघडल्यावर माझ्या लक्षात आलंय, की निम्मा खर्च लोकांना हे माहीत नसल्यामुळे होतो.

घरातल्या दोन वस्तू डोळ्यांसमोर आणा. एक माठ आणि एक कुकर. माठातून झिरपलेलं पाणी वाळतं, वाळताना ते माठातली उष्णता घेऊन जातं आणि आतलं पाणी गार होतं. म्हणजे द्रवाची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. हा झाला माठ. आता कुकर. कुकरात दाब वाढतो म्हणून पाणी शंभर अंशांना न उकळता आणखी वरच्या तापमानाला उकळतं, आणि डाळ लवकर शिजते. म्हणजे दाब वाढवला की उकळायचं तापमान वाढतं, आणि दाब उतरवला की ते उतरतं. माठ आणि कुकर, एवढं लक्षात ठेवा.

गाडीच्या एसीत पाण्याच्या जागी गॅस असतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत त्याचं नाव आर-134ए. उघड्यावर तो उणे 26 अंशांनाच उकळून जातो. एका लहान गाडीत तो साधारण 400 ते 500 ग्रॅम असतो, म्हणजे वाण्याकडच्या अर्धा किलो साखरेपेक्षाही थोडा कमीच. तेवढाच गॅस बंद नळीतून फिरत राहतो.

आता माझ्या ताईच्या गाडीची गोष्ट सांगतो. त्या गोष्टीत हे सगळं आपोआप येतं.

ताई आणि दाजी टेंभुर्णीला राहतात, मी सोलापूरला. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात ताईचा फोन आला. म्हणाली, "अरे, गाडीचा एसी चालत नाही. दोनदा गॅस भरला, तरी तेच." मी विचारलं, अजिबात गार होत नाही का? तर म्हणाली, "तसं नाही रे. हायवेला लागलो की छान गार लागतं. टोल नाक्यावर रांगेत थांबलो की गरम वारा यायला लागतो. उभी राहिली की गरम, चालू लागली की गार."

श्रोतेहो, ताईला गाडी चालवता येत नाही. पण रोग तिने एका वाक्यात सांगितला होता. ज्या गॅरेजात गॅस भरला होता तिथेही तिने हेच सांगितलं होतं. कोणी ऐकलं नाही. इथे थोडं विषय सोडून बोलतो. गाडीत शेजारी बसलेली बाई जे सांगते, ते मेकॅनिकने आधी ऐकावं. चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं. आवाज कधी आला, वास कधी आला, हे शेजारच्या माणसाला जास्त कळतं.

असो. दोघं रविवारी दुपारी आले. बाहेर 42 अंश होते. इंजिन बंद करून मी गेज लावले. एसीवाल्याकडे दोन घड्याळं असतात, एक निळं, एक लाल. निळं कमी दाबाच्या बाजूचं, लाल जास्त दाबाच्या बाजूचं. एसी बंद असताना दोन्ही काटे 140 पीएसआयच्या आसपास सारखेच उभे. दाजी म्हणाले, "बघ, गॅस भरपूर आहे." मी म्हटलं, दाजी, यावरून गॅस किती आहे ते कळत नाही. बंद नळीत थोडा जरी द्रव शिल्लक असेल, तरी हा काटा बाहेरच्या उन्हाप्रमाणे उभा राहतो. सिलिंडर हलवून बघितला की आत द्रव आहे एवढं कळतं, किती दिवस पुरेल ते वजनावरच कळतं, तसंच हे.

मग एसी चालू केला. कॉम्प्रेसर खट् करून लागला आणि काटे वेगळे झाले. निळा खाली आला, 40 पर्यंत. म्हणजे टायरात आपण हवा भरतो साधारण तेवढ्याच दाबावर. त्या कमी दाबावर हा गॅस सहा-सात अंशांना उकळतो. डॅशबोर्डच्या मागे जी जाळी असते, जिला आम्ही कूलिंग कॉइल म्हणतो आणि पुस्तकात इव्हॅपोरेटर म्हणतात, तिच्यात हे उकळणं चाललेलं असतं. ब्लोअर आतली गरम हवा त्या जाळीवरून ढकलतो, गॅस त्या हवेतली उष्णता पिऊन वाफ होतो, आणि तुमच्या तोंडावर गार वारा येतो. हा आपला माठ.

आता ही उष्णता प्यालेली वाफ बाहेर नेऊन रिकामी करायची. पण बाहेर 42 अंश! उष्णता गरमाकडून गाराकडेच जाते, पाणी उताराकडे जातं तशी. सात अंशांची वाफ 42 अंशांच्या उन्हाला उष्णता कशी देणार? म्हणून कॉम्प्रेसर. तो इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो आणि त्या वाफेला दाबतो. दाबल्याने वाफ बाहेरच्या हवेपेक्षाही गरम होते, आणि दाब वाढल्यामुळे तिची साठ अंशांनाही पुन्हा द्रव होण्याची तयारी होते. हा आपला कुकर. ती वाफ जाते गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे, कंडेन्सरच्या जाळीत. तिथे 42 अंशांचा वारासुद्धा तिला गारच. ती उष्णता टाकते आणि द्रव होते. पुन्हा सांगतो, आतली उष्णता इथे बाहेर पडते. कंडेन्सरपाशी.

आणि ताईच्या गाडीत नेमकं तिथेच अडलं होतं. लाल काटा चढायला लागला. 250 झाले, एवढ्या उन्हात ते चालतं. मग 300. मग 350. आतला वारा कोमट व्हायला लागला. काटा 400 च्या वर गेला आणि खट्! कॉम्प्रेसर सुटला. नळी फुटू नये म्हणून तिथे एक प्रेशर स्विच असतो, त्याने तोडला. काही सेकंदांनी काटा उतरला, कॉम्प्रेसर पुन्हा लागला, पुन्हा चढला, पुन्हा सुटला.

मी दाजींना म्हटलं, एक मग पाणी आणा. ते माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना वाटलं मला प्यायला हवंय! मी बॉनेटसमोर उभा राहून जाळीतून ते पाणी कंडेन्सरवर हळूहळू ओतलं. भस्सकन वाफ आली. लाल काटा डोळ्यांदेखत 350 वरून 220 वर उतरला. आणि आतून ताई ओरडली, "अरे, गार यायला लागलं!"

मिनिटभरच. पाणी वाळलं आणि पुन्हा गरम. पण रोग सापडला. गॅस ठीक फिरत होता, कॉम्प्रेसर ठीक दाबत होता, फक्त कंडेन्सरला वारा नव्हता. त्या गाडीत दोन पंखे होते. रेडिएटरचा चालू होता, म्हणून इंजिनचा काटा वर जात नव्हता आणि कोणाला शंका आली नव्हती. कंडेन्सरसमोरचा पंखा मात्र ढिम्म. हायवेवर ऐंशीच्या वेगाने समोरून वारा लागतो, तेव्हा पंख्याची गरजच नाही, म्हणून गार. टोल नाक्यावर वारा बंद, म्हणून गरम. ताईचं वाक्य तंतोतंत खरं होतं. पंख्याची मोटार उघडली, तर तिला वीज पोचवणारे कार्बन झिजून संपले होते.

हा पाण्याचा प्रयोग घरी करायचा असेल तर हात आणि पदर पंख्यापासून लांब ठेवा. तो न सांगता अचानक सुरू होतो.

पंखा बदलला, पण मी तेवढ्यावर थांबलो नाही. दोनदा भरलेला गॅस मला खटकत होता. मशीनने सगळा गॅस बाहेर काढून वजन केला. बॉनेटखालच्या स्टिकरवर 430 ग्रॅम लिहिलं होतं, निघाला 560. जास्तीचा गॅस द्रव होऊन कंडेन्सरमध्येच तुंबतो, जाळीची जागा अडवतो आणि दाब आणखी वाढवतो. म्हणजे दुखणं पंख्याचं, आणि औषधाने ते वाढवलं. पेट्रोल जळून संपतं, एसीचा गॅस जळत नाही आणि संपत नाही. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो, तेवढाच. दरवर्षी भरावा लागत असेल तर तो गळतोय, आणि गळती शोधायला हवी. भरण्याआधी वजन करा म्हणा. आणि पिन दाबून जुना गॅस हवेत सोडू देऊ नका. हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून जास्त जोरकस आहे. सोलापूरचं ऊन काय कमी आहे? रस्ता रुंद होताना कडेची जुनी झाडं गेली, आता गाडी सावलीत लावायची म्हटलं तरी सावली शोधावी लागते.

एक भाग सांगायचा राहिला, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह. कंडेन्सरमधून आलेला गरम, दाबाखालचा द्रव कूलिंग कॉइलच्या तोंडाशी येतो, तिथे हे बारीक छिद्र असतं. त्यातून निघताना दाब एकदम पडतो, थोडा द्रव लगेच उकळतो आणि उरलेल्याला गार करतो. छिद्र लहान-मोठं होतं, कॉइलच्या शेवटाला वाफ किती तापली आहे ते बघून. कारण कॉम्प्रेसरला फक्त वाफ मिळाली पाहिजे. द्रव दाबला जात नाही. द्रव आत शिरला तर कॉम्प्रेसर मोडतो.

430 ग्रॅम मोजून भरला. उभ्या गाडीत लाल काटा 250 ला स्थिर, निळा 38 ला, आणि डॅशबोर्डच्या जाळीतून 10 अंशांचा वारा.

संध्याकाळी दोघं परत निघाले. तासाभराने ताईचा फोन. म्हटलं, झालं काय आता? म्हणाली, "टोल नाक्यावर रांगेत उभे आहोत, मस्त गार आहे. पण गाडीखाली पाणी टपकतंय रे. काही फुटलं का?"

म्हटलं, काही फुटलं नाही ताई. तुम्हा दोघांच्या श्वासातली आणि हवेतली वाफ त्या गार कॉइलवर जमून तिचं पाणी होतंय, गार तांब्याला बाहेरून घाम येतो तसं. ते नळीने खाली सुटतंय.

"मग टपकू दे," ती म्हणाली, आणि मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला.

नमस्कार.