पावणेतीन तासांचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार. मे महिना आहे. रत्नागिरीच्या आंबा कॅनिंगमध्ये पाऊस पडायच्या आत रस भरून व्हायला हवा, म्हणून माणसं उशिरापर्यंत थांबतात. आज बोलू या, त्या थांबलेल्या वेळेच्या मजुरीबद्दल.

1948 च्या कारखाने कायद्यानं नियम घातला: दिवसाचे नऊ तास किंवा आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ओलांडले की पुढच्या वेळेला दुप्पट दर. नव्या कामगार संहितेतही दर दुप्पटच आहे. दुप्पट म्हणजे नेहमीच्या दरावर शंभर टक्के जादा. त्या नेहमीच्या दरात महागाई भत्ताही धरायचा, बोनस नाही.

आता एका बाईंचा हजेरीपट घेऊ. तासाला 70 रुपये. जेवणाची सुट्टी वजा करून सोमवारी आठ तास, मंगळवारी दहा, बुधवारी दहा, गुरुवारी आठ, शुक्रवारी पावणेदहा आणि शनिवारी चार. बेरीज एकोणपन्नास तास पंचेचाळीस मिनिटं.

मुकादम ही बेरीजच बघतो. अठ्ठेचाळीस वजा केले, उरले पावणेदोन तास, तेवढाच ओव्हरटाइम. चूक इथेच होते. शनिवारी बाई लवकर घरी गेल्या, तेवढ्यानं मंगळवार-बुधवारचा उशीर पुसला जात नाही. आधी प्रत्येक दिवसाचे नऊच्या वरचे तास बाजूला काढायचे. मंगळवारी एक, बुधवारी एक, शुक्रवारी पाऊण. झाले पावणेतीन. उरलेले सत्तेचाळीस तास अठ्ठेचाळीसच्या आतच आहेत, म्हणून आठवड्याचा वेगळा ओव्हरटाइम निघत नाही. ते अठ्ठेचाळीसच्या वर गेले असते, तर तेवढेच आणखी धरले असते. एकच तास दोनदा मोजायचा नाही.

सत्तेचाळीस गुणिले 70, म्हणजे 3290. पावणेतीन गुणिले 140, म्हणजे 385. एकूण 3675 रुपये. मुकादमाच्या हिशेबानं 3605 येतात, सरळ सत्तर रुपये कमी.

पडताळा हवा असेल तर सगळ्या पावणेपन्नास तासांना साधा दर लावा: 3482 रुपये 50 पैसे. मग फक्त पावणेतीन तासांवरचे जादा 70 रुपये मिळवा: 192 रुपये 50 पैसे. बेरीज तीच यायला हवी.

आणखी एक खोच आहे, आणि ती मला फार लागते, कारण ती सहज नजरेतून सुटते. कॅल्क्युलेटरवर पावणेतीन तास 2.45 असे मारतात. पंचेचाळीस मिनिटं म्हणजे पाऊण तास, म्हणून 2.75 मारायला हवं. 2.45 ला 140 नं गुणलं की 343 रुपये येतात, 385 नाहीत. बेचाळीस रुपये गेले. तेव्हा पगाराच्या दिवशी आपल्या कागदावर मिनिटांच्या जागी 45 दिसले, की त्यांना साठनं भागून बघा आणि मगच सही करा.