बारशाचा पाळणा: बाळाचं नाव आणि नातेवाईक कुठे बसवायचे?

नमस्कार! घरात बारसं ठरलंय आणि पाळणा कुणी लिहायचा यावर सगळे एकमेकांकडे बघतायत? मग आज आपण बसून एक लिहूया.

पाळण्याची चाल तुमच्या कानात आहेच. पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी असं करत बाराव्यापर्यंत जायचं, आणि प्रत्येक कडव्यानंतर ‘जो बाळा जो जो रे जो’. ओळी एकीने म्हणायच्या, ध्रुपद सगळ्यांनी उचलायचं. एका ओळीत दहा-अकरा अक्षरं असली की चालीत बसतात.

आधी नातेवाईक घ्या. प्रत्येकाला त्याचं खरं काम द्या. पाचवीला सटवाईची पूजा असते, रात्र जागवतात. आजी जागली असेल, तर ती ओळ आजीची:

पाचव्या दिशी पाचवी पुजली,
आजीने रात्र जागून काढिली,
जो बाळा जो जो रे जो

आता मामा. इथे बऱ्याच जणी ‘मामा आला घरी’ लिहून मोकळ्या होतात. पण पहिलं बाळंतपण माहेरी असेल, तर बारसं मामाच्याच घरी! तो येणार कुठून? त्याला यजमानाचं काम द्या:

दहाव्या दिशी मामाची घाई,
पाळण्याला बांधी जाई-जुई

बाहेरून येते ती आत्या, आणि शेवटचं कडवं तिचंच. कानात ‘कुर्रर्र’ करून ती नाव सांगते, मागून तिच्या पाठीत बुक्के पडतात. म्हणून माझा आग्रह आहे, पहिल्या अकरा कडव्यांत नाव आणूच नका. तिथे फक्त बाळ किंवा तान्ही. तुमच्याकडे आत्याने नाव सांगितल्यावर पाळणा म्हणत असतील, तरी नाव बाराव्यालाच येऊ द्या, सगळ्या बायका त्या ओळीची वाट बघत असतात.

समजा नाव आहे इरा. दोनच अक्षरं, ओळ तोकडी पडते. मग ‘बाळ’ जोडायचं:

बाराव्या दिशी आत्या वाके कानी,
नाव ठेविले इराबाळ राणी

नाव ज्ञानेश्वरी असेल, तर तेच चार अक्षरं भरून काढतं, ‘बाळ’ नको. अनन्यासारखं तीन अक्षरी नाव आलं, तर नाव तसंच ठेवा आणि क्रियापद लांबवा: ‘नाव ठेवियले अनन्या राणी’. हे जुनं रूप पाळण्यात छान शोभतं. मुलगा असेल तर ‘नाव ठेवियले अद्वैत ज्ञानी’. यमक ‘कानी’शी जुळलं की झालं. आणि नावाचे तुकडे पाडून ते चालीत कोंबू नका, ऐकणाऱ्याला नावच कळत नाही.

बारा कडवी सुचत नसतील, तर पहिला, पाचवा, दहावा आणि बारावा दिवस घ्या. सगळ्या काकू-मावश्या मात्र एकाच कडव्यात भरू नका. मावशीने बाळंतविडा केला असेल, तर तिला अकरावा दिवस द्या. आणि लिहून झालं की ध्रुपदासकट एकदा मोठ्याने म्हणून बघा. श्वास जिथे अडेल, त्या ओळीतलं एक अक्षर काढा.