"ओळखा पाहू" हा खेळ थांबवा

नमस्कार. डोक्याला जबर मार लागलेला माणूस दवाखान्यातून घरी आला, की घरचे त्याची परीक्षा घ्यायला लागतात. "मी कोण, ओळखलंत का? आज वार कोणता? सकाळी काय खाल्लंत?" मायेपोटीच विचारतात. पण मी आज एवढंच सांगायला आलेय, की हे प्रश्न थांबवा. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारपणानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करते. शनिवार पेठेतल्या एका घरात काय घडलं, ते ऐका.

काका पन्नाशीचे, लग्नपत्रिका छापण्याचा धंदा. सिंहगड रस्त्यावर पावसात दुचाकी घसरली. हेल्मेट होतं, पण डिकीत. आपल्या पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले आहेत. मला त्याचं फार वाईट वाटतं. ज्यांनी मोर्चे काढले, त्यांनी या घरात एक संध्याकाळ काढावी.

असो. शुद्धीवर आल्यावरही काकांच्या डोक्यात नवं काही टिकत नव्हतं. काकूंनी विचारलं, सकाळी काय केलंत? तर म्हणाले, "जेजुरीला जाऊन आलो." काकू मला म्हणाल्या, "ताई, उभ्या जन्मात हे माझ्याशी खोटं बोलले नाहीत हो!" ते खोटं नव्हतंच. आठवणीत जिथे खिंडार पडतं, तिथे मेंदू जुन्या आठवणींचे तुकडे भरतो, आणि माणसाला ते खरंच वाटतं.

घरी आल्यावर गोळ्यांवरून वाद सुरू झाले. बीपीची गोळी घ्यायची, तासाभराने पुन्हा मागायची. काकू म्हणायच्या, "आठवून बघा ना!" काका अंदाजाने म्हणायचे, "नाही घेतली." मग भांडण. आता नीट ऐका, कारण गोम इथेच आहे. आपण चुकलो की ती चूक लक्षात राहते, म्हणून पुढच्या वेळी सुधारतो. काकांना चूक दुरुस्त केल्याचं आठवायचंच नाही; पण तोंडून गेलेलं चुकीचं उत्तर मात्र आत रुजायचं. जितक्या वेळा अंदाज, तितकी चूक पक्की.

म्हणून आम्ही अंदाज करायला वावच ठेवला नाही. सात वारांच्या खणांची गोळ्यांची डबी आणली. टेबलाला दोरीने एक वही बांधली. काकांनी गोळीचं विचारलं, की काकूंनी उत्तर द्यायचं नाही आणि प्रश्नही विचारायचा नाही. "वहीत बघू या," म्हणायचं आणि त्यांचा हात धरून पान उघडायचं. "वहीत बघू या." दुसरं वाक्य नाही. आधी दर पाच मिनिटांनी सराव, मग अर्ध्या तासाने, मग जेवणानंतर. काही आठवड्यांनी काकांचा हात आपणहून वहीकडे जायला लागला. वाराचा गोंधळ तसाच होता. सवय मात्र लागली, कारण सवयीची स्मृती मेंदूत वेगळ्या वाटेने जाते आणि ती बऱ्याचदा शाबूत असते.

दुसरं, संताप. संध्याकाळी सहानंतर काका ताट भिरकवायचे. त्याच वेळी घरात कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही आणि भेटायला आलेली चार माणसं असायची. जखमी मेंदू लवकर थकतो, आणि रागाला लगाम घालणारा कपाळामागचा भागच अशा अपघातात अनेकदा दुखावतो. दुपारी दोनला अंधाऱ्या खोलीत विश्रांती, संध्याकाळी टीव्ही बंद, पाहुणा एकच आणि तोही वीस मिनिटं, असं ठरवलं. राग गेला नाही, पण ताटं उडायची थांबली. शहाळी घेऊन घोळक्याने भेटायला जाण्याची आपली रीत मला मुळीच पसंत नाही. शहाळी दारात ठेवून निघावं.

आता अपेक्षांचं. सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत झपाट्याने दिसते, मग वेग मंदावतो, पण ती थांबत नाही. दोन वर्षांनीही फरक पडतो. काकांच्या भावाला ते पुन्हा गल्ल्यावर हवे होते. ते जमलं नाही, कारण फोनवर ऑर्डर घेताना कुणी मध्ये बोललं की सगळं विस्कटायचं. मग शांत कोपऱ्यात पत्रिकेचं प्रूफ तपासायचं काम दिलं. समोर यादी: नावं, वार, तारीख, मुहूर्त, कार्यालय. एक बघायचं, पेन्सिलने खूण करायची, मग दुसरं. भाऊ शेवटी एकदा नजर टाकतो. कटिंग मशीनला काका हात लावत नाहीत, गाडी चालवत नाहीत. काकू म्हणतात, "निम्मा धंदा मी शिकले." त्यांनी चिडणं, रडणं सगळं केलं, आणि ते करायला हवंच होतं.

एक गोष्ट विसरू नका. सुधारत असलेला माणूस अचानक जास्त झोपाळू झाला, उलट्या, वाढती डोकेदुखी किंवा चालताना तोल जाणं सुरू झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आत रक्त किंवा पाणी साठलेलं असू शकतं. फिट्सची गोळी मनाने बंद करू नका. नवी गोळी सुरू झाल्यावर चिडचिड एकदम वाढली, तर तेही डॉक्टरांना सांगा. काही गोळ्यांनी तसं होतं. नमस्कार.