दोन पेग आणि आठ हजार फूट: विमानात दारू जास्त का चढते?

[दृश्य: बोटाला लावलेला ऑक्सिमीटर, मागे विमानाची खिडकी]

हा माझा हात आहे. विमान अजून जमिनीवरच उभंय आणि ऑक्सिमीटर ९८ दाखवतोय, म्हणजे रक्तातलं जवळजवळ सगळं हिमोग्लोबिन ऑक्सिजन घेऊन फिरतंय. आता पुढचा शॉट बघा, उड्डाणानंतर तासाभराचा, तोच हात, तीच सीट, आणि आकडा ९२. मी तोपर्यंत पाण्याशिवाय काहीही प्यायलेलो नाही. हे ९२ लक्षात ठेवा, कारण विमानात दारू चढते ती या आकड्यावर येऊन चढते, जमिनीवरच्या ९८ वर नाही.

[दृश्य: पाण्याची रिकामी बाटली, आधी फुगीर, मग चेपलेली]

ही बाटली मी वर असताना रिकामी केली, झाकण घट्ट लावलं आणि सीटच्या खिशात ठेवून दिली. उतरल्यावर ती अशी झाली, कुणीतरी मुठीत धरून दाबल्यासारखी. हात कुणी लावला नाही. विमान ३५ हजार फुटांवर उडत असलं तरी आत तितकी विरळ हवा नसते, मशीन हवा दाबून भरत असतं, पण ते जमिनीइतका दाब काही ठेवत नाही. नियमाप्रमाणे केबिनमधला दाब आठ हजार फुटांवरच्या, म्हणजे साधारण २,४०० मीटरवरच्या हवेइतका उतरू शकतो. बाटलीत बंद झाली ती ही वरची हवा, आणि खाली बाहेरचा दाब वाढल्यावर ती चेपली.

तुमच्या छातीतही तेवढा वेळ हीच हवा जात असते. ऑक्सिजन तिच्यात २१ टक्केच असतो, त्यात काही बदल नाही, पण हवाच विरळ, म्हणून एका श्वासात जमिनीच्या मानाने पाव भाग ऑक्सिजन कमी येतो. तुम्ही एका जागी बसून सिनेमा बघत असता त्यामुळे कळत नाही, शरीर जरा जोरात श्वास घेऊन, नाडी थोडी वाढवून सांभाळून घेतं.

[दृश्य: ट्रेवरची छोटी बाटली, ग्लासात ओतली जातेय]

आता ही छोटी बाटली, ५० मिली, ४० टक्क्यांची. हिच्यात २० मिली शुद्ध अल्कोहोल आहे, वजनात साधारण १६ ग्रॅम. लोक म्हणतात विमानात एकाचे दोन होतात. तसं होत नाही, १६ ग्रॅम वर गेल्यावर ३२ होत नाहीत. अमेरिकेच्या विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, एफएएने, जमिनीवरच कृत्रिम उंची तयार करून माणसांना दारू देऊन चाचण्या घेतल्या होत्या, त्यात श्वासातून मोजलेलं अल्कोहोल खाली आणि वर सारखंच निघालं.

दुसरं नेहमीचं उत्तर म्हणजे केबिनची हवा कोरडी असते, अंगातलं पाणी कमी होतं म्हणून चढते. हवा कोरडी असते हे खरंच आहे. पण हिशोब करून बघा. ७० किलोच्या पुरुषाच्या अंगात साधारण ४० लिटर पाणी असतं आणि दारू त्या सगळ्या पाण्यात पसरते. त्यातलं अख्खं एक लिटर गेलं असं धरलं तरी रक्तातलं प्रमाण दोन-अडीच टक्क्यांनीच वाढेल, आणि तेवढ्याने कुणाला काही जाणवत नाही. कोरड्या हवेचा खरा त्रास वेगळाय, घसा सुकतो आणि माणूस तहान लागली म्हणून ग्लास भराभर संपवतो.

मग जास्त चढल्यासारखी का वाटते? ऑक्सिजन कमी पडला की डोकं जड होतं, सुस्ती येते, विचार जरा हळू चालतो, आणि दारूनेही नेमकं हेच होतं. दोन्ही एकत्र आलं की आपण सगळं दारूच्या खात्यावर टाकतो. त्यात पहाटेपासून नीट जेवण नाही, झोप नाही, आणि तीन तास बसून एकदम उठलं की पाय लटपटतात.

इथपर्यंत फार बिघडलेलं नसतं. बिघडतं ते झोपल्यावर, आणि खरं तर हा व्हिडिओ मी त्याच्यासाठीच बनवला, कारण रात्रीच्या फ्लाइटमध्ये दोन पेग मारून डोळे मिटणं आपल्याला अगदी साधी गोष्ट वाटते.

[दृश्य: स्क्रीनवर चार आकडे, एकामागून एक]

जर्मनीच्या एरोस्पेस सेंटरने, डीएलआरने, १८ ते ४० वयाच्या ४८ ठणठणीत लोकांवर प्रयोग केला, तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्मे साध्या खोलीत झोपले, निम्मे विमानाइतका दाब ठेवलेल्या चेंबरमध्ये, प्रत्येकजण एक रात्र दारू पिऊन आणि एक रात्र न पिता, झोप चार तास. दारू किती, तर बिअरच्या दोन कॅनइतकी. साध्या खोलीत न पिता ऑक्सिजन ९६, पिऊन ९५, म्हणजे जवळजवळ फरकच नाही. चेंबरमध्ये न पिता ८८, आणि पिऊन ८५. नाडीही बघा, साध्या खोलीत न पिता ६४ होती, चेंबरमध्ये पिऊन ८८ झाली, तीसुद्धा गाढ झोपलेल्या तरुण माणसाची.

झोपेत श्वास तसाही उथळ होतो, दारू त्याला आणखी मंद करते आणि घशाचे स्नायू सैल पाडते, म्हणून तर पिऊन झोपलेला माणूस जास्त घोरतो. खाली हे खपून जातं, कारण ९८ पासून ९० पर्यंतचा उतार सौम्य असतो. ९० च्या खाली मात्र तो एकदम तीव्र होतो, श्वास थोडासाच कमी पडला तरी आकडा धाडकन घसरतो, आणि विमानात आपण झोपायच्या आधीच त्या कड्याजवळ बसलेलो असतो. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल त्यांनी विमानात पिऊन झोपू नये.

[दृश्य: बर्फाच्या डोंगरातले तंबू, मग रणरणतं ऊन]

डोंगरावरही हेच, फक्त तिथे रात्रभर राहायचं असतं. शरीर उंचीला सरावतं ते श्वास वाढवून आणि दारू नेमका श्वासच दाबते. सकाळी डोकं दुखलं, मळमळलं तर ते कालच्या दारूमुळे की उंचीमुळे हे लक्षणांवरून ओळखता येत नाही, म्हणून उंचीमुळेच आहे असं धरायचं आणि आणखी वर चढायचं नाही.

उन्हात कारण वेगळं. उकाड्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, दारूही त्याच रुंद करते, शिवाय घाम जात असतो, मग उभं राहिलं की रक्तदाब घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. पण अंग भाजतंय आणि माणूस असंबद्ध बोलतोय तर तो पिऊन पडलाय असं समजून सोडू नका, तो उष्माघात असू शकतो, सावलीत आणा, पाणी ओतून गार करा, अँब्युलन्स बोलवा.

[दृश्य: अंधारलेली केबिन, झोपलेल्या मित्राचं बोट]

हा शेजारच्या सीटवरचा माझा मित्र, दोन पेग घेऊन झोपलाय, ऑक्सिमीटर त्याला विचारूनच लावला होता. ही यंत्रं दोन-तीन अंकांनी चुकतात, हात गार असेल तर जास्तच, म्हणून मी बोट चोळून गरम करून दोनदा बघितलं. आकडा ८४. मी त्याला हलवून उठवलं, सरळ बसवलं, त्याने दहा-बारा मोठे श्वास घेतले, आणि आकडा ९१ वर आला.